डीएमएलटी की डिग्री? आधी रजिस्ट्रेशनचं बघा, मग अ‍ॅडमिशन घ्या

बारावी सायन्स झाली की लॅब टेक्निशियन व्हायचं असलेला प्रत्येक जण विचारतो डीएमएलटी हा डिप्लोमा करू की बीएमएलटीसारखी डिग्री. मी लॅबमध्ये भरतीच्या वेळी कागद तपासायला बसते, त्यामुळे मला वाटतं पहिला प्रश्न हा नाहीच. पहिला प्रश्न असा की हा कोर्स केल्यावर पॅरामेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मिळणार का? नंबर मिळत नसेल तर डिप्लोमा काय नि डिग्री काय, फाईल बाजूलाच राहते.

एकदाची गोष्ट सांगते. रात्रपाळीसाठी टेक्निशियन हवा होता, टेबलावर तीन फायली. पहिला बीएमएलटी झालेला, मार्क चांगले, पण कौन्सिलला अर्जच केला नव्हता, म्हणाला नोकरी लागली की करतो. दुसरी बारावी आणि दोन वर्षांचा डीएमएलटी, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट फाईलमध्ये सगळ्यात वर. तिसरी बारावीनंतर एक वर्षाचा डीएमएलटी केलेली, सर्टिफिकेटवर कुठल्यातरी खाजगी बोर्डाचं नाव, आणि कौन्सिलने तिचा अर्ज परत पाठवलेला कारण ती संस्था मान्यताप्राप्त यादीत नव्हती. अ‍ॅडमिशनच्या वेळी तिला सांगितलेलं "सगळीकडे चालतं". तिची चूक एवढीच की तिने ते ऐकून घेतलं, कुणाकडून लिहून घेतलं नाही.

घेतलं दुसरीला. नंबर होता म्हणून तर खरंच, पण अजून एक कारण होतं. आम्ही सगळ्यांना एक रिपोर्ट दाखवला, पोटॅशियम ९.१, कॅल्शियम ४.०, क्रिएटिनिन नॉर्मल, पेशंट ओपीडीत चालत आलेला. काय कराल? डिग्रीवाला म्हणाला क्रिटिकल व्हॅल्यू आहे, जिवाला धोका, लगेच डॉक्टरांना फोन. दुसरी म्हणाली आधी ट्यूब बघते, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त प्लेन ट्यूबमध्ये ओतलेलं वाटतंय, कारण त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएच्या मिठात पोटॅशियम असतं आणि ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून एक वर नि एक खाली, आणि पेशंट मात्र ठणठणीत. सॅम्पल परत मागवते, तोवर रिपोर्ट सोडत नाही, आणि डॉक्टरांना तसं कळवते. हे तिला दोन वर्षं सॅम्पल हाताळून आलेलं.

तर तयारीची सुरुवात अ‍ॅडमिशनच्या आधी. महाराष्ट्रात काम करायचं असेल तर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलच्या साईटवर मान्य कोर्स आणि संस्थांची यादी बघा, कॉलेजचं नाव नाही तर सर्टिफिकेट कोण देणार ते नाव शोधा, म्हणजे विद्यापीठ किंवा परीक्षा मंडळ. कॉलेजच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात वेगळंच लिहिलेलं असतं. मग त्याच कॉलेजमधून गेल्या वर्षी पास झालेल्या एखाद्याचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. बाहेरच्या राज्यातलं किंवा डिस्टन्सचं सर्टिफिकेट असेल तर पैसे भरायच्या आधी कौन्सिललाच मेल करून लेखी उत्तर घ्या.

पुढचं म्हणजे तास मोजा, हे कुणीच करत नाही. २०२१ चा केंद्राचा कायदा, नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स, त्यात मेडिकल लॅबोरेटरीचा गट आहे. त्यात अलाईड हेल्थ प्रोफेशनल म्हणून डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची आणि २ ते ४ वर्षांची हवी असं लिहिलंय, आणि हेल्थकेअर प्रोफेशनल या वरच्या दर्जाच्या व्याख्येसाठी डिग्री, किमान ३६०० तास, ३ ते ६ वर्षं. आता हिशोब करा. दिवसाला ६ तास, आठवड्याला ५ दिवस, वर्षात ३६ आठवडे धरले तर १०८० होतात. म्हणजे बारावीनंतरचा एक वर्षाचा कोर्स पहिल्या व्याख्येतही बसत नाही, वर्षांतही नाही नि तासांतही नाही, आणि दोन वर्षांचा जेमतेम बसतो, २१६०. म्हणून प्रॉस्पेक्टसमध्ये थिअरी, प्रॅक्टिकल आणि हॉस्पिटल पोस्टिंगचे तास छापलेत का बघा, आणि ते पान जपून ठेवा.

डिग्री कधी घ्यायची? पुढे बेंचवरून वर जायचं असेल तर. सिनियर, क्वालिटी मॅनेजर, एमएस्सी, शिकवणं, हे रस्ते डिप्लोमावर अरुंद होतात. एमयूएचएस म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, त्यांचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल डिग्रीचा कोर्स तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप असा आहे, त्या इंटर्नशिपचं कम्प्लीशन सर्टिफिकेट मार्कशीटइतकंच सांभाळा. घरासाठी लवकर कमवायची गरज असेल तर दोन वर्षांचा मान्य डीएमएलटी करून कामाला लागण्यात काहीच कमीपणा नाही, बऱ्याच लॅब अशाच लोकांवर चालतात.

सरकारी भरती डोक्यात असेल तर जाहिरात शब्दशः वाचा. आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदाला विज्ञानाची पदवी आणि वर डीएमएलटी अशी जोडी मागितली जाते, म्हणजे नुसता बारावी नि डीएमएलटीवाला तिथे बसत नाही, आणि बीएमएलटीवाल्याने "किंवा समकक्ष" हे शब्द आहेत का ते आधी शोधायचं. बीएस्सी करून मग डीएमएलटी केलेल्यांना इथे फायदा होतो. टेक्निशियनच्या कंत्राटी जागांना बारावी नि डीएमएलटी चालतं, पण कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बऱ्याचदा लागतंच, आणि ते कागद तपासणीच्या दिवशी हातात हवं, अर्जाची पावती धरतीलच असं समजू नका.

खाजगीत एनएबीएल या संस्थेची गुणवत्ता मान्यता असलेली लॅब आणि नसलेली लॅब यात फरक पडतो. एनएबीएलवाल्यांकडे मेडिकल लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकाप्रमाणे प्रत्येकाची फाईल लागते, शिक्षण, अनुभव, ट्रेनिंग, आणि त्या माणसाला ते काम येतं का ते तपासल्याची नोंद, त्यामुळे ते अनुभव पत्रावर तारखा आणि विभाग मागतात. "आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली" असलं पत्र काही कामाचं नाही. हिमॅटॉलॉजी इतके महिने, बायोकेमिस्ट्री इतके महिने, कोणती मशीन चालवली, असं लिहून मागा, नोकरी सोडताना नाही, आधीच.

एक ऑफर मात्र स्पष्ट नाकारा. छोट्या लॅबचा मालक म्हणतो तुमचं रजिस्ट्रेशन आहे ना, मग रिपोर्टवर तुम्हीच सही करा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरनेच सही करायची. डिप्लोमा असो की डिग्री, कौन्सिलचा नंबर तुम्हाला टेस्ट करायला उपयोगी आहे, रिपोर्ट प्रमाणित करायला नाही.

आणि फाईल लावताना वर रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, त्याची वैधता तारीख पेन्सिलने मागे लिहून, मग शेवटच्या वर्षाची मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, इंटर्नशिप, अनुभव, दहावी बारावी शेवटी. सगळ्यांवरचं नाव एकच आहे का ते आजच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं इथेच अडतं, मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, कौन्सिलचा अर्ज तिथेच थांबतो, आणि नाव बदलल्याचं गॅझेट करायला वेळ लागतो.