बेकरीच्या मदतनिसासाठी जाहिरात कशी लिहावी

गोव्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर "बेकरीसाठी हेल्पर पाहिजे, पगार चांगला, त्वरित संपर्क साधा" असा संदेश नेहमी दिसतो. अशा संदेशावर फोन पुष्कळ येतात, पण कामावर टिकणारा माणूस क्वचितच मिळतो, कारण बेकरीचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होते ही सर्वांत महत्त्वाची गोष्टच त्यात सांगितलेली नसते. पहाटे पाव विकणारा पोदेर भोंपू वाजवत सायकलवरून निघायचा असेल, तर त्याआधी पीठ मळून, गोळे करून, ते फुगू देऊन भट्टीत भाजून झालेले असले पाहिजेत. हे वेळापत्रक ज्याला पहिल्याच ओळीत कळते, तो विचार करून फोन करतो. ज्याला कामावर आल्यावर कळते, तो तिसऱ्या दिवशी येत नाही.

म्हणून जाहिरात लिहायला बसण्याआधी मदतनिसाची एक पूर्ण पाळी कागदावर उतरवावी. तो किती वाजता येतो, आल्यावर काय उचलतो, भट्टीसमोर किती वेळ उभा राहतो, पावाचे ट्रे कोण धुतो आणि सुटी किती वाजता होते, हे क्रमाने लिहावे. मैद्याचे पोते बहुधा ५० किलोचे असते. ते एकट्याने उचलायचे की दोघांनी, हेही ठरवून ठेवावे. पाव घरोघर पोहोचवण्याचे काम त्याच्याकडेच असेल, तर ते वेगळे वाक्य करून सांगावे, कारण भट्टीवरचे काम आणि फेरीचे काम ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि अनेकांना त्यांपैकी एकच जमते.

दुसरा मुद्दा येण्याजाण्याचा. रात्री दीड वाजता बस मिळत नाही, त्यामुळे उमेदवार जवळच राहणारा असावा, त्याच्याकडे स्वतःचे वाहन असावे, नाहीतर मालकाने राहण्याची सोय करावी. राहण्याची सोय देणार असाल, तर खोलीत किती जण राहतात आणि जेवण पगारातून कापले जाते का, हे स्पष्ट करावे. खोली दिल्यास पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरावा लागतो, म्हणून ओळखपत्राची प्रत लागेल हेही आधीच सांगितलेले बरे.

पगाराच्या जागी "चांगला" किंवा "अनुभवानुसार" असे लिहू नये. हातात पडणारी रक्कम, पगाराची तारीख आणि आठवड्याची सुटी लिहावी. रक्कम ठरवताना गोवा सरकारने जाहीर केलेले सध्याचे किमान वेतन तपासावे, कारण त्यातील महागाई भत्ता वेळोवेळी बदलतो. भट्टीचे काम प्रौढांचे आहे, म्हणून वय १८ वर्षे पूर्ण असल्याची अट घालावी. मात्र "फक्त पुरुष" असे लिहू नये. वजन उचलणे आणि रात्रपाळी या खऱ्या अटी आहेत, त्याच लिहाव्यात.

समजा, बेकरी फोंडा तालुक्यातील म्हार्दोळ येथे आहे. मग मजकूर असा होईल:

"म्हार्दोळ येथील बेकरीत मदतनीस हवा, एक जागा. वेळ: रात्री १.३० ते सकाळी ९, मध्ये अर्धा तास विश्रांती. काम: पीठ मळण्यास मदत, गोळे करणे, लाद्या भट्टीत घालणे व काढणे, शेवटी साफसफाई. ५० किलोचे पोते दोघे मिळून उचलतात. पाव वाटपाचे काम नाही. पगार महिना १८,००० रुपये हातात, दर महिन्याच्या ५ तारखेला. सोमवारी सुटी. राहण्याची खोली मोफत, दोघांत एक; जेवण स्वतःचे. वय १८ पूर्ण. अनुभव नसला तरी चालेल, शिकवले जाईल. कोणतीही अनामत घेतली जात नाही. फोन सायंकाळी ४ ते ७ या वेळेतच करावा. शेवटची तारीख २० जून २०२६."

फोनची वेळ घालण्याचे कारण साधे आहे: रात्रभर भट्टीवर असलेला मालक सकाळी झोपतो आणि न उचललेल्या फोनमुळे चांगला माणूस निघून जातो. शेवटची तारीख तर अत्यावश्यक आहे. फेसबुकवरील मजकूर नंतर बदलता येतो, पण व्हॉट्सॲपवरील संदेश सुमारे १५ मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही आणि पुढे पाठवलेल्या प्रतींवर तर आपला काहीच ताबा राहत नाही. जागा भरल्यावरही महिनोन्महिने फोन येत राहतात.

जाहिरातीचे केवळ चित्र पाठवू नये. चित्रातील क्रमांकावर बोट ठेवून फोन लागेलच असे नाही, शिवाय मजकूर शोधून सापडत नाही, म्हणून चित्राखाली तोच मजकूर टंकून द्यावा. सोबत हिंदीतही एक प्रत करावी, कारण बेकऱ्यांत काम शोधणारे अनेकजण परराज्यांतून आलेले असतात. आधी वाड्यावरच्या आणि शेजारच्या गावांच्या गटांत, गटप्रमुखाला विचारून, पाठवावी आणि चार दिवस थांबावे. तालुक्याबाहेरचे गट त्यानंतर, आणि तेही राहण्याची खोली असेल तरच.

आलेल्या फोनवरून जाहिरात पारखता येते. तीन-चार जणांनी "वेळ काय?" असेच विचारले, तर वेळेची ओळ मजकुरात खाली दडली आहे असे समजावे आणि ती पहिल्या ओळीत आणून नवा संदेश पाठवावा. निवडलेल्या माणसाला मात्र होकार देण्याआधी एक रात्र दीड वाजता बेकरीत बोलावून, त्या पाळीचे पैसे देऊन, काम दाखवावे.