भाडेवाढीचं कलम : या चुका टाळा

लिव्ह अँड लायसन्स करारात बहुतेक वेळा एकच ओळ असते : "भाड्यात दरवर्षी ५ टक्के वाढ होईल." सही करताना ती सगळ्यांना पुरेशी वाटते. भांडण सुरू होतं तेराव्या महिन्यात.

समजा, १० जून २०२५ पासून ३६ महिन्यांचा करार आहे आणि भाडं १८,५०० रुपये. दुसऱ्या वर्षी ५ टक्क्यांनी १९,४२५ होतात, इथवर वाद नाही. तिसऱ्या वर्षी मालक १९,४२५ वर टक्के लावतो आणि २०,३९६.२५ मागतो. भाडेकरू मूळ भाड्यावर हिशेब करून २०,३५० म्हणतो. कलमात "चालू भाड्यावर" की "मूळ भाड्यावर" हे लिहिलेलंच नसल्याने दोघांचंही म्हणणं त्या ओळीत बसतं.

पूर्णांकाचा घोळ याहून चिवट. "राउंड फिगर करावी" असं लिहिलं की मालक १९,४२५ चे १९,५०० करतो, भाडेकरू १९,४०० देतो. आणि एकदा वर नेलेला आकडा पुढच्या वाढीचा पाया झाला, तर फरक वाढत जातो : १९,५०० वर ५ टक्के म्हणजे २०,४७५, तो पुन्हा वर नेला की २०,५००. म्हणून जवळच्या शंभरात की वरच्या, नेमके ५० आले तर काय, आणि पुढची वाढ पूर्णांक केलेल्या रकमेवर का, हे तिन्ही लिहा.

तारखेत नोंदणीचा दिवस आणि मुदत सुरू होण्याचा दिवस यांची गल्लत होते. वाढ मुदत सुरू होण्याच्या तारखेला बांधा. ११ महिन्यांच्या करारात तर "दरवर्षी" या शब्दाला अर्थच राहत नाही, कारण वर्ष भरण्याआधी करार संपतो. तिथे वाढ नव्या करारातच ठरवावी लागते.

माझ्या मते टक्केवारीच्या भरवशावर राहूच नये, रकमा लिहाव्यात. असं :

"परवाना शुल्क १० जून २०२५ ते ९ जून २०२६ दरमहा रु. १८,५००; १० जून २०२६ ते ९ जून २०२७ दरमहा रु. १९,४००; १० जून २०२७ ते ९ जून २०२८ दरमहा रु. २०,४००. वाढ मागच्या वर्षीच्या पूर्णांकित शुल्कावर ५ टक्के धरून जवळच्या शंभरात पूर्णांक केली आहे. नेमके ५० आल्यास वरचे शंभर धरले आहेत. मतभेद झाल्यास वरील रकमाच ग्राह्य. ही वाढ मेंटेनन्स, वीजबिल व अनामत रकमेला लागू नाही."

मेंटेनन्सचं शेवटचं वाक्य गाळू नका. मेंटेनन्स भाड्यातच धरला असेल, तर मात्र ते तसं स्पष्ट लिहा, नाहीतर सोसायटीने दर वाढवला की नवा वाद उभा राहतो.

महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर निघतं, त्यामुळे या रकमा तशाही काढाव्याच लागतात. नोंदणी मात्र टाळू नका : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.