‘तोच’ आणि ‘तसाच’: व्यक्तीच्या तादात्म्यावर पहिला निबंध लिहिताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षी लिहिलेल्या माझ्या निबंधात एक वाक्य होतं: ‘यंत्रातून बाहेर आलेला माणूस तोच आहे, कारण त्याच्या आठवणी, स्वभाव, बेत सगळं तसंच आहे.’ आमच्या मॅडमनी ‘तोच’ आणि ‘तसंच’ या दोन शब्दांभोवती वर्तुळं काढली आणि समासात लिहिलं, ‘इथून तिथे कसे पोचलात?’ व्यक्तीचं तादात्म्य, म्हणजे काळ लोटला तरी माणूस ‘तोच’ कशामुळे ठरतो, हा विषय नव्याने घेणाऱ्याने सुरुवात मॅडमच्या याच प्रश्नापासून करावी असं मला वाटतं. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपलं भाग्यच. एकाच छापाच्या दोन प्रती तशाच असतात, पण ही प्रत म्हणजे ती प्रत नव्हे.

यंत्राचं उदाहरण तत्त्वज्ञ डेरेक पारफिटचं, 1984 सालचं. पृथ्वीवरचं यंत्र तुमच्या प्रत्येक पेशीची नोंद घेतं, शरीर नष्ट करतं आणि नोंद मंगळावर पाठवतं. तिथे नव्या द्रव्यातून हुबेहूब शरीर घडतं. त्या माणसाला तुमचं बालपण आठवतं, तुमचं अर्धवट काम तो पुढे नेतो. मानसिक सातत्य, म्हणजे आठवणी, स्वभाव, बेत सलग टिकणं, हाच निकष मानणारा म्हणेल, तुम्ही मंगळावर पोचलात. मीही तेच म्हटलं होतं, आणि इथवर खरंच काही अडत नाही.

अडतं ते पुढच्या टप्प्यावर. आता सुधारित यंत्र शरीर नष्ट न करता फक्त नोंद घेतं. पृथ्वीवर उरलेल्याला ‘क’ म्हणू, मंगळावर घडलेल्याला ‘ख’. यंत्रामुळे ‘क’च्या हृदयाला इजा झाली आहे, तो थोड्याच दिवसांत मरणार; ‘ख’ ठणठणीत आहे. हे कागदावर पायरी-पायरीने मांडा. यंत्रात शिरलेल्या माझं मानसिक सातत्य ‘क’शी आहे, म्हणून मी म्हणजे ‘क’. तसंच ते ‘ख’शीही आहे, म्हणून मी म्हणजे ‘ख’. तादात्म्याचा संबंध संक्रामक असतो, म्हणजे एकाच तिसऱ्याशी एक असलेले दोघे आपसातही एकच ठरतात, म्हणून ‘क’ म्हणजेच ‘ख’. पण एक मरतो आहे आणि दुसरा नाही. तेव्हा दोघे एक असूच शकत नाहीत. सातत्याला फाटे फुटू शकतात, तादात्म्याला नाही. अडचण आहे ती एवढीच, आणि ती यंत्राची नाही, तर्काची आहे. म्हणून ‘असं यंत्र बनणारच नाही’ या आक्षेपावर पानं घालवू नका.

आठवणींच्या स्थलांतरातही हाच पेच येतो. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने 1957 मध्ये विचारलं होतं: आज एका माणसाला सतराव्या शतकात इंग्लंडची संसद उडवण्याच्या कटात सामील असलेल्या गाय फॉक्सच्या आठवणी तपशीलवार येऊ लागल्या तर तो गाय फॉक्स का? आणि त्याच्या भावालाही त्याच आठवणी येऊ लागल्या तर?

यावर नेहमीचा उपाय म्हणजे ‘फाटा नसेल तरच’ ही अट जोडणं. मीही ती जोडली आणि सुटलो असं समजलो. पण तिची किंमत बघा. मंगळावरचं यंत्र ऐन वेळी बंद पडलं तर ‘क’ म्हणजे मी. चाललं तर नाही. ‘क’च्या शरीरामनात तर काहीच बदललेलं नाही! तो कोण हे दुसऱ्या ग्रहावरच्या घटनेवर कसं ठरेल? पारफिट इथे वेगळी वाट धरतो: तादात्म्य तुटलं तरी बिघडत नाही, जपण्यासारखं जे आहे ते सातत्यच. मला हे निम्मंच पटतं. मरणाऱ्या ‘क’च्या जागी स्वतःला ठेवलं की ‘ख’ जगतो आहे हे समाधान पुरत नाही. पण नेमकं काय हरवतं ते विचारलं, तर मला ‘हे शरीर’ याखेरीज उत्तर सुचत नाही.

अशा भावनेवर किती विसंबावं, हे विल्यम्सच्या 1970 च्या लेखातून कळतं. तो एकच घटना दोनदा सांगतो. पहिल्या वेळी दोन माणसांच्या आठवणी आणि स्वभाव यांची अदलाबदल होते. नंतर एका शरीराला पैसे मिळणार, दुसऱ्याला यातना. आपण सहज म्हणतो, माझ्या आठवणी जातील तिकडे पैसे द्या. दुसऱ्या वेळी तो फक्त म्हणतो: उद्या तुमचा छळ होणार आहे, त्याआधी तुमच्या आठवणी पुसून दुसऱ्या कुणाच्या घालू. भीती तसूभरही कमी होत नाही. मात्र घडणारी गोष्ट तीच आहे. दुसऱ्या वेळी समोरच्या माणसाचा उल्लेख तेवढा गाळला आहे.

निबंध पुन्हा लिहिताना मी प्रत्येक उदाहरण दोनदा लिहिलं, एकदा ‘मी’ म्हणून आणि एकदा ‘तो’ म्हणून, बाकी एक शब्दही न बदलता. यंत्राच्या साध्या उदाहरणात दोन्ही उत्तरं जुळली. ‘क’ आणि ‘ख’च्या उदाहरणात ती फुटली, आणि माझा दुसरा निबंध तेवढ्या एका फटीवरच उभा राहिला.