१८९० च्या गोष्टीत जुनी मराठी लिहिताय? या चुका टाळा

समजा गोष्ट १८९० च्या पुण्यातली आहे आणि नोकरीला लागलेला मुलगा गावी वडिलांना पत्रातून काहीतरी कळवतोय. तुमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये आजच्या भाषेत असं आहे: "बाबा, काल ऑफिसमध्ये लेट झालं म्हणून कळवलं नाही, टेन्शन घेऊ नका, शनिवारी येतोय."

आता बहुतेक जण याचं काय करतात, तर "हे पिताश्री, काल विलंब जाहल्यामुळे संपर्क साधू शकलो नाही, कृपया चिंतित होऊ नये." हे जुनं नाही वाटत हो, पौराणिक मालिकेतलं वाटतं! जुनं म्हणजे संस्कृत हा समजच चुकीचा आहे, कारण तेव्हाच्या मराठीत फारसीतून आलेले सबब, मजकूर, रवाना हे शब्द अगदी रोजचे होते. उलट पत्रावर "दिनांक" टाकलात तर गडबड होते, तो शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीतून नंतर रूढ झाला, तेव्हा "तारीख"च लिहा. आणि "जाहले" पेशवाईच्या कागदांत शोभतं, १८९० ला लोक सरळ "झाले" लिहीत होते.

मी ते पत्र असं लिहीन:

"तीर्थरूप बाबांचे सेवेशीं, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. काल कचेरींतून यावयास रात्र झाली, सबब पत्र टपालांत टाकतां आलें नाहीं. काळजी करूं नये. शनिवारचे गाडीनें येत आहें."

बघा, यात कठीण शब्द जवळजवळ नाहीतच, जुनेपणा सगळा "यावयास", "बाबांचे सेवेशीं", "शनिवारचे गाडीनें" अशा रूपांत आहे. निवेदनातही तसंच, "तो रोज नदीवर जायचा" ऐवजी "तो रोज नदीवर जाई" एवढं केलंत तरी काळ बदलतो.

आता अनुस्वार. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, म्हणून लोक ते मसाल्यासारखे कुठेही भुरभुरतात आणि जाणकार वाचक तिथेच थांबतो. त्यांना व्याकरण असतं. "माझें घर" वर अनुस्वार येतो कारण घर नपुंसकलिंगी, पण "माझे मित्र" वर नाही, कारण ते पुल्लिंगी अनेकवचन. पुस्तकं अनेक असतील तर "माझीं पुस्तकें", पण "माझी बहीण" कोरीच. शंका आली की आधी लिंग-वचन तपासा, मग "त्यानें", "घरीं", "करूं" अशी रूपं बघा. हे सगळीकडे जमणार नसेल तर अनुस्वार फक्त पत्रांत ठेवा आणि निवेदन आजच्या शुद्धलेखनात लिहा, पण एकाच पत्रात अर्धे देऊन अर्धे सोडू नका.

आणि पत्राची भाषा संवादात आणू नका प्लीज. हाच मुलगा शनिवारी घरी पोचला की आईला "यावयास उशीर झाला" नाही म्हणणार, "गाडीच उशिरा आली गं" असंच म्हणेल.