मेनू अरबीत, टायपिंग मराठीत: कीबोर्ड जोडताना या चुका टाळा

मस्कत, कुवेत, दुबईहून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या हातातला फोन अनेकदा अरबी मेनूचा असतो. रत्नागिरी-चिपळूणपासून खाली मालवणपर्यंत असे फोन घरोघरी सापडतात. फोन कामावरचा असतो, तिथले सहकारीही तो हाताळतात, म्हणून मेनू बदलायचा नसतो. घरच्या ग्रुपवर मात्र मराठीत लिहायचं असतं. हे सहज जमतं, पण काही ठरावीक ठिकाणी माणसं हमखास अडकतात. खालची माहिती मुख्यतः अँड्रॉइडवरच्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्ड ॲपची आहे.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मराठी टाइप करता यावं म्हणून अख्ख्या फोनचीच भाषा बदलणं. मेनूची भाषा आणि कीबोर्डची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेनू अरबी ठेवून मराठी कीबोर्ड चालतो, आणि मेनू मराठी करूनही कीबोर्ड अरबीच राहू शकतो. सेटिंगमधल्या भाषांच्या यादीत ‘मराठी’ असं देवनागरीत लिहिलेलं दिसतं, म्हणून माणूस आनंदाने तिथेच बोट ठेवतो. पण ती यादी मेनूची असते. तिथे हात लावू नका.

खरं तर परक्या भाषेच्या मेनूतून वाट शोधत जायची गरजच नाही. व्हॉट्सॲपमध्ये कुठल्याही चॅटची लिहायची चौकट उघडा, म्हणजे कीबोर्ड वर येईल. त्यावरचं स्वल्पविरामाचं बटण दाबून धरलं की दातेरी चाकाचं चिन्ह येतं. बोट न उचलता तिकडे सरकवा आणि सोडा. ते जमलं नाही तर कीबोर्डच्या वरच्या पट्टीतल्या चार चौकोनांवर दाबा, तिथेही तेच चाक मिळेल. आता जी यादी उघडते तिच्यातली पृथ्वीगोलाचं चिन्ह असलेली ओळ भाषांची. ती उघडल्यावर तळाशी जे मोठं बटण दिसतं ते नवा कीबोर्ड जोडण्याचं. इथपर्यंत एकही अरबी शब्द वाचावा लागत नाही.

पुढची यादी मात्र वाचावी लागते, आणि दुसरी चूक तिथेच होते. अरबीत मराठीचं नाव الماراثية असं लिहितात आणि हिंदीचं الهندية असं. अरबी उजवीकडून वाचतात. दोन्ही नावांची सुरुवात आणि शेवट सारखा आहे, फरक मधे आहे. मराठीचं नाव लांब आहे आणि त्याच्या शेवटाजवळच्या एका अक्षरावर तीन ठिपके आहेत. ते तीन ठिपके शोधा.

आमच्या वाडीतल्या एका काकांचं नेमकं इथेच फसलं होतं. मस्कतहून आणलेला फोन, मेनू अरबी. ‘अरे, मराठी घातलंय मी, पण ते शुद्धलेखन बिघडवतंय,’ अशी त्यांची तक्रार. चॅट उघडून mala टाइप केलं तर आधी ‘माला’ आलं. paani टाइप केलं तर ‘पानी’. कीबोर्ड बिघडला नव्हता, तो हिंदी होता आणि हिंदीचे शब्द सुचवत होता. स्पेसबारकडे पाहिलं तर तिथे ‘हिन्दी’ लिहिलेलं होतं. लिपी एकच असल्यामुळे हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, आणि ‘मला’, ‘पाणी’, ‘बाळ’ असे साधे शब्द रोज हाताने दुरुस्त करत बसावं लागतं. म्हणून जोडून झाल्यावर आधी स्पेसबार वाचा. तो चालू कीबोर्डची भाषा सांगतो.

मराठीवर बोट ठेवल्यावर कीबोर्डची छोटी चित्रं समोर येतात. एका चित्रात बटणांवर देवनागरी अक्षरं असतात, दुसऱ्यात इंग्रजी. इंग्रजी बटणांचा म्हणजे ‘abc → मराठी’ कीबोर्ड. त्यात aahe लिहायचं आणि वरच्या पट्टीतून ‘आहे’ निवडायचं. अनेक जण तो निवडतात, समोर इंग्रजी बटणं पाहून मराठी आलंच नाही असं समजतात आणि पुन्हा पुन्हा जोडत राहतात. ज्यांचा हात इंग्रजी अक्षरांवर बसलेला आहे त्यांना हाच सोयीचा. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगचा कंटाळा आहे, त्यांना, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांना, मी देवनागरी बटणांचाच सुचवेन. चित्रावर खूण करून खालचं बटण दाबल्याशिवाय मागे येऊ नका, नाहीतर निवड जतन होत नाही. नव्या भाषेचे शब्द फोनमध्ये उतरायला इंटरनेटही लागतं. खाडीकाठी रेंज ये-जा करत असेल, तर वायफाय मिळेल तिथे हे काम उरकलेलं बरं.

अरबी मेनूत सगळा पडदा उलटा असतो, हेही ध्यानात ठेवा. मागे जायचा बाण उजवीकडे असतो. सेटिंगमधले चालू-बंद खटकेही उलटे, म्हणजे चालू असताना गोळा डावीकडे. सवयीने तो उजवीकडे ढकलला की चालू असलेली गोष्ट बंद होते. बाजू पाहू नका, रंग पाहा: रंग भरलेला असेल तर खटका चालू आहे.

आता सगळं नीट केलं, तरी चॅटमध्ये मराठी दिसतच नाही, अशी तक्रार उरते. याची कारणं दोन. एक तर मराठी जोडली आहे, पण अजून अरबी कीबोर्डच पुढे आहे. स्पेसबार दाबून धरा, जोडलेल्या भाषांची यादी येईल, तिच्यातून मराठी निवडा. कीबोर्डवर भाषा बदलायचं पृथ्वीगोलाचं बटण दिसत नसलं तरी ही युक्ती चालते. दुसरं कारण जरा लपलेलं असतं. फोनमध्ये दोन कीबोर्ड ॲप असतात, कंपनीचं स्वतःचं एक आणि जीबोर्ड दुसरं. मराठी एकात जोडलेली आणि लिहिताना उघडतं दुसरंच. लिहायच्या चौकटीत बोट ठेवल्यावर पडद्याच्या तळाशी एका कोपऱ्यात छोटं कीबोर्डचं चिन्ह येतं का पाहा. त्यावर दाबलं की कीबोर्ड ॲपची यादी उघडते. Gboard हे नाव अरबी मेनूतही इंग्रजीतच असतं, त्यामुळे ओळखता येतं. वर सांगितल्याप्रमाणे चालू कीबोर्डवरूनच सेटिंग उघडलं, तर हा घोळ सहसा होत नाही.

शेवटी कीबोर्ड तपासायला एक वाक्य लिहून पाहा: ‘बाळ्या, वाऱ्यावर होडी सोडू नको.’ यात ‘ळ’ही आहे आणि ‘ऱ्या’ही. देवनागरी बटणांवर साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ दाबलात तर ‘र्य’ होतं, रफार वर चढतो आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो. ‘र’ दाबून धरून पाहा, नाहीतर अक्षरांच्या दुसऱ्या पानावर शोधा. मग ऱ, हलन्त, य, काना या क्रमाने दाबा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. आपल्याकडे दोन्ही शब्द रोज लागतात, तेव्हा हा ‘ऱ’ कुठे आहे ते एकदा पाहून ठेवाच. इंग्रजी बटणांच्या कीबोर्डवर मात्र काही शोधावं लागत नाही, varyavar लिहून सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो उचलायचा. पहिला शब्द चुकीचा असला तर घाईने स्पेस दाबू नका, पट्टीतले बाकीचे शब्दही पाहा.