मुलाच्या पोटात कीटकनाशक गेलं: अॅट्रोपिन देताना या चुका टाळा

फवारणीच्या दिवसांत कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध पिऊन लहान मूल दवाखान्यात येतं. तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांतच शी-शू. औषध ऑर्गॅनोफॉस्फेट असेल, तर मूल दगावतं ते बहुधा श्वास बंद पडून. फुप्फुसं स्रावाने भरतात आणि श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. पैकी स्रावावर अॅट्रोपिन चालतं, आणि तिथेच हात आखडता घेतला जातो.

समजा चार वर्षांचं, १५ किलोचं मूल आहे. गंभीर विषबाधेत पहिला डोस किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम शिरेतून. आपल्याकडची अँप्यूल बहुधा १ मिलिलिटरमध्ये ०.६ मिलिग्रॅमची असते, म्हणून सव्वा मिलिलिटर. लेबल मात्र वाचाच. डोस 'एक अँप्यूल, दोन अँप्यूल' असा न लिहिता मिलिग्रॅममध्ये लिहा.

पाच मिनिटांनी छाती पुन्हा ऐका. घरघर तशीच असेल तर तोच डोस पुन्हा देणं ही सर्रास होणारी चूक. डोस दुप्पट करायचा: दीड मिलिग्रॅम, मग तीन. तीन डोसांत सव्वापाच मिलिग्रॅम, जवळपास नऊ अँप्यूल. आकडा पाहून घाबरायला होतं, पण इथे ठरलेली कमाल मर्यादा नाही; छाती कोरडी होईपर्यंत द्यायचं. सुधारणा दिसू लागली की दुप्पट करणं थांबवा.

थांबायचं कधी, यात सर्वांत जास्त गफलत होते. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट पाहू नका, त्या उशिरा बदलतात. नाडी जलद आहे म्हणून औषध रोखू नका. दम लागल्यानेही ती वाढते. दोन्ही बाजूंना छाती स्वच्छ ऐकू यावी, काख कोरडी असावी, नाडी आणि रक्तदाब वयाप्रमाणे ठीक असावेत. एकाच ठिकाणी खरखर उरली, तर उलटी श्वासनलिकेत गेली असावी. ती अॅट्रोपिनने जाणार नाही.

छाती कोरडी झाली म्हणून औषध बंद केलं तर थोड्या वेळात स्राव परत येतात. लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ठिबकत ठेवा. इथे अर्धा ते एक मिलिग्रॅम. ताप, बडबड, पोटाचे आवाज बंद, लघवी अडणं दिसलं तर अॅट्रोपिन जास्त झालंय. ठिबक थांबवा, लक्षणं ओसरली की कमी वेगाने सुरू करा.

हे सगळं ऑक्सिजन देत आणि छातीतला स्राव ओढून काढत चालू ठेवायचं. कपडे काढून अंग साबणाने धुवायचं ते दुसऱ्या कुणीतरी, हातमोजे घालून. स्नायूंच्या अशक्तपणावर अॅट्रोपिनचा उपयोग नाही. छाती कोरडी असूनही मूल मान उचलू शकत नसेल, श्वास उथळ होत असेल, तर आणखी अॅट्रोपिन न देता व्हेंटिलेटरची सोय करा. हा अशक्तपणा एक ते चार दिवसांनीही येतो, म्हणून शुद्धीवर आलेलं मूल दुसऱ्या दिवशी घरी सोडू नका.