हीटर स्मार्ट प्लगवर लावताय? या चुका टाळा

माझ्याकडे २००० वॅटचा ऑइल हीटर होता. त्याला १० अँपिअरचा स्मार्ट प्लग लावून मी पहाटे पाचचा टायमर लावला. आधी हिशोबही केला होता: २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. दहाच्या आत. तीनेक आठवड्यांनी खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. हीटर काढून पाहिला तर त्याची एक पिन काळवंडली होती आणि स्मार्ट प्लगच्या त्या भोकाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन थोडं खचलं होतं. एवढं होऊनही एमसीबी एकदासुद्धा पडला नव्हता.

हिशोब चुकला नव्हता, पण मी चुकीच्या गोष्टीचा हिशोब केला होता.

पहिली चूक: अँपिअर जुळले की निर्धास्त होणं

प्लगवर छापलेला आकडा सांगतो की नव्या, घट्ट जोडणीतून एवढा करंट जाऊ शकतो. तुमच्या सॉकेटची पकड किती घट्ट आहे, हे त्याला माहीत नसतं. पिन आणि आतली पितळी पट्टी जिथे टेकतात, तिथे थोडा रोध असतोच. समजा, तो ०.०१ ओहम आहे. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, ८.७ अँपिअरला ती पाऊण वॅट होते. एवढी सहज निघून जाते. पट्टी सैल झाली, पिनेवर ऑक्साइडचा थर बसला आणि रोध ०.१ ओहम झाला, की त्याच करंटला त्याच जागी साडेसात वॅट उष्णता तयार होते. शेंगदाण्याएवढ्या जागेत, चारी बाजूंनी बंद प्लॅस्टिकमध्ये, आणि तीही तासन्‌तास. गरम झाल्यावर पट्टीचा ताण आणखी कमी होतो, रोध वाढतो, त्यामुळे उष्णता पुन्हा वाढते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

आता याच सैल जोडणीवर ५० वॅटचा पंखा लावा. करंट ०.२२ अँपिअर आणि उष्णता जवळपास शून्य. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, म्हणून पंख्याला माफ होणारी सैल पिन हीटरला माफ होत नाही.

एमसीबी का पडला नाही, हेही यातूनच कळतं. तो जास्त करंट पाहतो. इथे करंट वाढलेलाच नव्हता. सैल जोडणीने तर तो किंचित कमीच केला. या बिघाडात एमसीबीवर भरवसा ठेवता येत नाही.

वेळेचाही विचार करावा लागतो. किटली तेवढाच करंट घेते, पण तीन-चार मिनिटंच. हीटर चार तास चालतो, आणि तेवढ्या वेळात प्लगच्या आतला भाग पूर्ण तापतो. त्यामुळे तासाभरापेक्षा जास्त चालणाऱ्या कुठल्याही वस्तूसाठी मी प्लगच्या रेटिंगच्या निम्म्यापुढे जात नाही. हा कुठला नियम नाही, माझा स्वतःचा अंदाज आहे, आणि तो मुद्दाम कडक ठेवला आहे.

दुसरी चूक: ॲपमध्ये ‘बंद’ दिसलं म्हणजे बंद झालं असं मानणं

स्मार्ट प्लगच्या आत एक छोटा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच असतो. त्याचे दोन संपर्कबिंदू टेकताना आणि सुटताना ठिणगी उडते. भारी लोडवर वारंवार चालू-बंद केलं, की ते वितळून एकमेकांना चिकटू शकतात. मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट क्षणभर ओढतात, तिथेही हाच धोका असतो. म्हणूनच काही प्लगवर रेटिंगपुढे ‘रेझिस्टिव्ह लोड’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तो आकडा हीटरसारख्या निव्वळ तापणाऱ्या वस्तूंसाठी असतो, मोटरसाठी नाही.

चिकटलेला रिले ओळखायची खूण अशी: बंद करताना येणारी ‘टिक’ येत नाही, किंवा टिक येते पण वस्तू चालूच राहते. वॅट दाखवणारा प्लग असेल तर ‘बंद’ असतानाही तिथे आकडा दिसू शकतो. असं एकदा जरी झालं, तरी तो प्लग टाकून द्यावा. ठोकून सुटलेला रिले पुन्हा चिकटतो.

तिसरी चूक: समोर कोणी नसताना तापणारी वस्तू चालू होऊ देणं

इथे प्लग कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. बऱ्याच हीटरच्या माहितीपत्रकात स्पष्ट इशारा असतो की हा हीटर टायमर, प्रोग्रामर किंवा दुरून आपोआप चालू करणाऱ्या साधनावर वापरू नये. तो झाकलेला किंवा चुकीच्या जागी असला तर आग लागू शकते. रात्री कोणीतरी ओला टॉवेल हीटरवर वाळत टाकतं, आणि पहाटे पाचला प्लगला ते दिसत नाही. तुम्ही स्वतः बटण दाबायला गेला असता, तर टॉवेल दिसला असता. इस्त्री, हॉटप्लेट, इमर्शन रॉड यांचंही तसंच. रॉड तर पाण्याबाहेर चालू झाला की काही क्षणांत लाल होतो.

वीज गेल्यावरही हाच प्रश्न येतो. ती परत आल्यावर प्लगने काय करायचं, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. अनेकदा ‘आधीची स्थिती’ किंवा ‘चालू’ निवडलेलं असतं. ते बदलून ‘बंद’ निवडा, अगदी दिव्याच्या प्लगलाही. उद्या त्याच प्लगवर कोण काय लावेल, सांगता येत नाही.

पंखेवाल्या हीटरची गोष्ट थोडी वेगळी. त्याचं बटण बंद केल्यावर काही मॉडेलमध्ये पंखा थोडा वेळ फिरून तार थंड करतो. प्लगने वीजच तोडली, की पंखाही लगेच थांबतो आणि आतली उष्णता तिथेच कोंडते.

मग प्लगवर काय लावायचं?

दिवे, टेबल पंखा, चार्जर, स्पीकर हे बिनधास्त लावा. फ्रिजला आगीपेक्षा वेगळी अडचण आहे: प्लग चुकून बंद राहिला तर अन्न खराब होतं, आणि लगेच पुन्हा चालू झाला तर कॉम्प्रेसरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. मी तो लावत नाही. श्वासाला मदत करणारं यंत्र तर कधीच नाही.

खोली गरम करायचीच असेल, तर स्वतःचा थर्मोस्टॅट, ठरल्या वेळी बंद करणारा टायमर आणि कलंडल्यावर बंद होणारा स्विच असलेला हीटर घ्या आणि तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. गीझर दुरून चालवायचा असेल, तर वायरमनकडून योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे भारी करंट पेलणारा मोठा रिले, बसवून घ्या. मग स्मार्ट रिलेवर फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा नगण्य करंट येतो आणि गीझरचा भार कॉन्टॅक्टर पेलतो.

आधीच लावलेल्या प्लगची शंका असेल, तर वस्तू अर्धा तास चालू द्या आणि मग प्लगला बाहेरून हात लावा. कोमट लागला तर ठीक. हात टेकवून ठेवता येत नसेल, वास येत असेल, चरचर ऐकू येत असेल किंवा प्लॅस्टिकचा रंग बदलला असेल, तर गरम प्लग ओढू नका. आधी भिंतीवरचं बटण किंवा एमसीबी बंद करा, थंड होऊ द्या, मगच काढा. आणि भिंतीतलं सॉकेटही बदलून घ्या. माझ्या बाबतीत नवा प्लग आठवडाभरात पुन्हा तापू लागला, कारण भिंतीतल्या सॉकेटची पट्टीही सैल होती.